बत्तीस पानांची लढाई, सात स्लाइड

*ताई, मी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. सीताबर्डीच्या लढाईवर ३२ पानांचा प्रकल्प लिहिला, तो सरांना आवडला. आता तोच वर्गासमोर आठ मिनिटांत मांडायचा आहे. सरांची अट अशी की सात-आठच स्लाइड, शब्द कमी आणि प्रत्येक स्लाइडवर एकच संदर्भ. मी प्रकल्पातले परिच्छेद उचलून टाकले, तर २६ स्लाइड झाल्या. कापायला बसलं की सगळंच महत्त्वाचं वाटून राहिलं. शिवाय एकेका गोष्टीसाठी मी तीन-तीन पुस्तकं पाहिली आहेत, मग एकच संदर्भ कसा देऊ? बाकीचे वाया गेले का? फाईल सोबत जोडली आहे.*
*— महालातली विद्यार्थिनी*

तुझी फाईल पूर्ण वाचली. काम मन लावून केलं आहेस, म्हणूनच ते कापताना हात थबकतो आहे. पण तू सुरुवातच कापण्यापासून केलीस आणि तिथेच गाडी अडली. प्रकल्पाची फाईल समोर उघडी असली की त्यातलं एकही वाक्य सुटत नाही. ती बंद कर. कोरा कागद घे आणि इतिहास न शिकलेल्या एखाद्या मैत्रिणीला ही लढाई सांगायची झाली तर कोणती सात वाक्यं सांगशील, ती लिही. प्रत्येक वाक्यात काहीतरी घडलं पाहिजे. ‘लढाईची पार्श्वभूमी’ हे वाक्य नाही, तो मथळा आहे. मथळ्याखाली काहीही भरता येतं, म्हणून तर तुझ्या २६ स्लाइड झाल्या.

तुझ्याच प्रकल्पातून मला दिसलेली सात वाक्यं अशी. एक, पूर्वेला भोसल्यांचा महाल, पश्चिमेला इंग्रजांची रेसिडेन्सी आणि मध्ये बर्डीच्या दोन टेकड्या. दोन, मे १८१६च्या तहाने कंपनीची तैनाती फौज नागपूरच्या गळ्यात पडली. तीन, २४ नोव्हेंबर १८१७ला आप्पासाहेब भोसल्यांनी पेशव्यांकडून आलेली खिलत, म्हणजे मानाचा पोशाख, आणि सेनापतिपद भर दरबारात स्वीकारलं. चार, २६ तारखेच्या संध्याकाळी लढाई पेटली तेव्हा टेकड्यांवर कंपनीची माणसं थोडी होती. पाच, २७च्या सकाळी छोटी टेकडी भोसल्यांकडे आली आणि दुपारपर्यंत परत गेली. सहा, १६ डिसेंबरला जनरल डव्हटनच्या फौजेपुढे आप्पासाहेब शरण गेले. सात, जानेवारी १८१८च्या तहात नर्मदेच्या उत्तरेकडचा मुलूख गेला.

ही वाक्यं म्हणजेच तुझ्या सात स्लाइडचे मथळे. पहिल्या रघुजींपासूनची घराण्याची हकीकत, बंगालच्या स्वाऱ्या, आप्पासाहेबांचं पुढचं पलायन आणि जोधपूरकडचा शेवट, हे सगळं प्रकल्पात राहील. ते चांगलं लिहिलं आहेस, पण या आठ मिनिटांत त्याला जागा नाही. सात वाक्यं सलग वाचून बघ. एखादं वाक्य काढूनही गोष्ट तशीच पुढे जात असेल, तर तेही काढता येईल. मला तरी यातलं एकही काढावंसं वाटत नाही.

आता पाचवी स्लाइड आपण दोघी मिळून करू, कारण सगळ्यांत जास्त शब्द तुझ्या त्याच परिच्छेदात आहेत. तू लिहिलं आहेस:

*‘दिनांक २७ नोव्हेंबर १८१७ रोजी सकाळच्या सुमारास भोसल्यांच्या सैन्यातील शूर अरब तुकडीने छोट्या टेकडीवर जोरदार हल्ला चढवून ती ताब्यात घेतली व तेथील तोफ मोठ्या टेकडीकडे वळवली. त्यामुळे इंग्रजांची परिस्थिती अत्यंत बिकट झाली. त्याच दरम्यान कॅप्टन फिट्झजेराल्ड याने घोडदळासह मैदानात उतरून हल्ला केला व त्यानंतर इंग्रजांनी छोटी टेकडी पुन्हा जिंकून घेतली.’*

यातले ‘शूर’, ‘जोरदार’, ‘अत्यंत बिकट’ आधी काढ. ते शब्द कुठल्याही पुस्तकातून आलेले नाहीत, तू घातले आहेत, आणि तळाशी संदर्भ दिलास की तेही त्या पुस्तकाच्या नावावर खपतील. मग स्वतःला विचार, की यातलं डोळ्यांना दाखवता येण्यासारखं काय आणि तोंडाने सांगण्यासारखं काय? दोन टेकड्या आणि एकीवरून दुसरीवर वळलेली तोफ हे दाखवता येतं. एक लहान उंचवटा, एक मोठा, आणि लहानावरून मोठ्याकडे जाणारा एक बाण, एवढं चित्र बस्स. वर मथळा लिही, ‘छोटी टेकडी गेली आणि मोठी माऱ्यात आली’. चित्राखाली तीनच खुणा कर: ‘सकाळ – टेकडी अरबांकडे’, ‘मैदानात घोडदळाचा हल्ला’, ‘दुपार – टेकडी परत’. तळाला संदर्भाची एक ओळ. फिट्झजेराल्डचं नाव, त्याचं घोडदळ बंगालचं होतं हे, अरब तुकडीबद्दल तुला जे सांगायचं आहे ते, हे सगळं तू बोलशील. स्लाइडच्या खाली टिपणांची जागा असते, तिथे ते लिहून ठेव. ती वर्गाला दिसत नाही.

स्लाइडवर आता वीसेक शब्द उरतात. त्याहून जास्त झाले की काय होतं ते तुला तालमीतच कळेल. तू पडद्याकडे तोंड करून वाचायला लागशील आणि वर्ग तुझ्या आधी वाचून मोकळा होईल. घरी एकदा कुणाला तरी समोर बसव. बोलताना तुझी मान ज्या स्लाइडवर मागे वळते, त्या स्लाइडवर शब्द जास्त आहेत.

आता संदर्भाचं. तुझा खरा प्रश्न हाच आहे आणि सरांच्या अटीतलं खरं काम इथेच आहे. एकच संदर्भ द्यायचा म्हणजे बाकीची पुस्तकं फेकायची असं नाही. स्लाइडच्या मथळ्यावर बोट ठेवून सरांनी विचारलं, ‘कशावरून?’ तर तू आधी कोणतं पुस्तक उघडशील, त्याचं नाव तिथे येतं. उरलेली पुस्तकं टिपणांत जातात आणि प्रश्नोत्तरांच्या वेळी कामी येतात.

पाचव्या स्लाइडसाठी तू तीन नावं दिली आहेस: प्रिन्सेपचा १८२५चा ग्रंथ, ग्रँट डफचा १८२६चा मराठ्यांचा इतिहास आणि रसेलचं १९०८चं नागपूर जिल्हा गॅझेटिअर. तिघं एकच सांगतात म्हणून ती गोष्ट तिप्पट पक्की झाली, असं तू गृहीत धरलं आहेस. पण गॅझेटिअर लढाईनंतर नव्वद वर्षांनी आलं. लढाईची हकीकत त्याने आधीच्या कंपनीच्या लेखनातूनच घेतली असणार. म्हणजे तुझे साक्षीदार तीन नाहीत. लढाईच्या हालचाली सांगायच्या असतील तर जवळच्या काळातला आणि तपशील देणारा प्रिन्सेप घे, आणि तो कंपनीचाच नोकर होता हे बोलताना एका वाक्यात सांग. गॅझेटिअरचा उपयोग जागेसाठी कर. पहिल्या स्लाइडवर टेकड्या, महाल, रेसिडेन्सी आणि मधला शुक्रवारी तलाव दाखवायचा आहे, तिथे ते शोभेल.

काशीराव गुप्त्यांची भोसल्यांची बखर तू ‘मराठी बाजू’ म्हणून वापरली आहेस. ती जरूर वाच, पण ती रेसिडेंट जेंकिन्सच्या सांगण्यावरून लिहिली गेली, हे विसरू नकोस. मराठीत आहे म्हणून ती आपोआप दुसरी बाजू होत नाही.

चौथ्या स्लाइडवर तुझी एक मोठी अडचण आहे, ती तुझ्या लक्षात आलेली दिसत नाही. कंपनीच्या सैन्याचा आकडा तू एका पुस्तकातून घेतलास आणि भोसल्यांचा दुसऱ्यातून. कंपनीची माणसं तेराशे-चौदाशेच्या घरात होती, याबद्दल फारसा वाद नाही. पण भोसल्यांचं सैन्य कुठे अठरा हजार, कुठे वीस हजार असं मिळतं. कुणी मैदानात उतरलेलेच मोजले असतील, कुणी जवळपास होते ते सगळे धरले असतील. दोन जणांनी दोन रीतींनी मोजलेले आकडे शेजारीशेजारी ठेवून तू ‘एकास चौदा’ असं प्रमाण काढलंस. ते प्रमाण कुणीच दिलेलं नाही, ते तुझ्या स्लाइडवर जन्माला आलं. एका स्लाइडला एकच संदर्भ ठेवलास की ही चूक आपोआप टळते, कारण मग दोन्ही आकडे एकाच पुस्तकातून घ्यावे लागतात. मथळा असा कर: ‘कंपनीच्या हिशोबाने: थोडे विरुद्ध हजारो’. खाली दोन पट्ट्या, एक आखूड, एक लांब, आणि त्यांवर त्या एकाच ग्रंथातले आकडे. भोसल्यांची माणसं मोजणारे त्यांचे शत्रूच होते आणि जिंकणाऱ्याला समोरची गर्दी मोठी दाखवायला आवडतं, हे तू तोंडी सांग. माझ्या मते तुझ्या सादरीकरणातलं सगळ्यांत चांगलं मिनिट हेच होईल.

आणखी एक स्लाइड मला खटकली. लढाईच्या मजकुरामागे तू आजच्या किल्ल्याचा मोठा फोटो लावला आहेस, आणि वर्गाला वाटेल की १८१७मध्ये ही तटबंदी होती. किल्ला आप्पासाहेबांनी लढाईच्या तोंडावर बांधला, असंही तू लिहिलं आहेस. हे वाक्य इंटरनेटवर बऱ्याच ठिकाणी फिरतं. त्याला एकच संदर्भ शोधायला बस, म्हणजे पंचाईत कळेल. मग तुझ्याच चौथ्या-पाचव्या स्लाइडकडे बघ. लढाई सुरू झाली तेव्हा दोन्ही टेकड्यांवर कोण होतं? कंपनीचे लोक. आणि खालून वर चढून हल्ले करणारे कोण? भोसल्यांचे. आप्पासाहेबांनी लढायला किल्ला बांधला असता, तर पहिल्याच संध्याकाळी तो शत्रूच्या हातात कसा? लढाईत टेकडीचं मोल कळल्यावर इंग्रजांनी ती नंतर बांधून पक्की केली, हाच क्रम जुळतो. म्हणून तो फोटो लढाईच्या स्लाइडवरून काढ. हवाच असेल तर पहिल्या स्लाइडवर, नकाशाच्या कोपऱ्यात लहानसा ठेव आणि खाली ‘आजचा किल्ला’ असं लिहून फोटोचं साल घाल.

फोटो कुणाचा, हेही लिहावं लागतं. ‘स्रोत: गूगल’ हा संदर्भ होत नाही. गूगलने तो फोटो फक्त शोधून दिला, काढला दुसऱ्याच कुणी. त्यापेक्षा स्टेशनच्या बाजूने रस्त्यावरून टेकडी दिसते तसा तूच फोटो काढ आणि खाली लिही, ‘छायाचित्र: स्वतः, सीताबर्डी’, पुढे तारीख. किल्ला लष्कराच्या ताब्यात आहे आणि २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट अशा मोजक्याच दिवशी लोकांसाठी उघडतो. आत गेलीस तर विचारल्याशिवाय कॅमेरा काढू नकोस.

आता शेवटच्या पानावरच्या त्या वाक्याबद्दल. ‘पुढे याच किल्ल्यात १० एप्रिल ते १५ मे १९२३ या काळात महात्मा गांधींना कैदेत ठेवले होते.’ हे तू समारोपाच्या स्लाइडवर मोठ्या अक्षरात टाकलं आहेस आणि त्याला संदर्भ दिलेला नाही. तारखा इतक्या नेमक्या आहेत की कुणालाही खरंच वाटेल. पण १८ मार्च १९२२ला अहमदाबादला गांधीजींना सहा वर्षांची शिक्षा झाली आणि ते पुण्याच्या येरवडा तुरुंगात गेले. जानेवारी १९२४मध्ये त्यांचं अपेंडिक्सचं ऑपरेशन पुण्याच्याच ससून रुग्णालयात झालं आणि ५ फेब्रुवारी १९२४ला त्यांची सुटका झाली. मग एप्रिल-मे १९२३मध्ये ते बर्डीच्या टेकडीवर कसे असतील? त्या उन्हाळ्यात नागपुरात मोठी गोष्ट घडत होती हे खरं. झेंडा सत्याग्रह चालू होता, तिरंगा घेऊन सिव्हिल लाइन्सकडे निघालेले लोक अडवले जात होते आणि तुरुंग भरत होते. कदाचित त्याच आठवणीत गांधीजींचं नाव मिसळून गेलं असेल, पण हा माझा अंदाज आहे, तो स्लाइडवर घालू नकोस.

हे वाक्य तुझ्या ३२ पानांत आरामात लपलं होतं. मागेपुढे इतका खरा मजकूर होता की कुणाची नजर तिथे थांबली नाही. स्लाइडवर एकटं आलं आणि त्याच्या खालची संदर्भाची जागा रिकामी दिसली, तेव्हा ते पकडता आलं. हीच परीक्षा बाकीच्या सगळ्या वाक्यांना लाव. ज्या मथळ्याखाली तुला पान क्रमांकासकट एक पुस्तक लिहिता येत नाही, तो मथळा तुझ्याकडे अजून आलेला नाही, असं समज. आणि गांधीजींचं ते वाक्य छापील प्रकल्पातूनही काढ.

दोन्ही तहांच्या स्लाइडला फार वेळ लागणार नाही. दोन्हींसाठी एचिसनच्या तहसंग्रहाचा आधार पुरेसा आहे. फक्त त्या पानाचा पूर्ण फोटो लावू नकोस. शेवटच्या बाकावरून तो नुसता करडा ठिपका दिसतो. जे कलम तू सांगणार आहेस त्याच्या दोनच ओळी कापून मोठ्या कर आणि खाली त्याचा अर्थ तुझ्या मराठीत एका ओळीत लिही. १८१६चं कलम ‘कंपनीला विचारल्याशिवाय दुसऱ्या राज्याशी बोलणं नाही’ या अर्थाचं निवड, म्हणजे पुढच्याच स्लाइडवर पेशव्यांची खिलत घेण्यात काय धोका होता, ते वेगळं समजावून सांगावं लागणार नाही. तिसऱ्या स्लाइडला ग्रँट डफ चालेल. सहावीवर तारीख, दोन नावं आणि एक संदर्भ, बस्स. तिथे वेळ घालवू नकोस. वाचलेलं अर्धं मिनिट चौथ्या स्लाइडला दे.

संदर्भाची ओळ सगळ्या स्लाइडवर एकाच जागी आणि एकाच पद्धतीने लिही: लेखकाचं आडनाव, साल, खंड असेल तर खंड, पान. उदाहरणार्थ ‘रसेल, १९०८, पृ.’ आणि पुढे तू स्वतः उघडून पाहिलेल्या पानाचा आकडा. पुस्तकाचं लांबलचक नाव तिथे नको, ते तुझ्या छापील प्रकल्पात आहेच. अक्षर मथळ्याच्या निम्म्याने असलं तरी चालेल, पण मधल्या बाकावरून वाचता आलं पाहिजे. आणि प्रिन्सेप तू मुळातून वाचला नसशील, फक्त गॅझेटिअरमध्ये त्याचा मजकूर पाहिला असशील, तर प्रिन्सेपचं नाव लिहू नकोस. तू उघडलंस ते गॅझेटिअर, तर गॅझेटिअरच लिही. त्यात काही कमीपणा नाही. न पाहिलेल्या पुस्तकाचा पान क्रमांक मात्र सर एका प्रश्नात उघडा पाडतील.

आता शेवटची, पण नेमकी ऐनवेळी दगा देणारी गोष्ट. तुझ्या फाईलमधली निम्मी अक्षरं माझ्याकडे उघडल्यावर इंग्रजी चिन्हांची खिचडी झाली होती. तू काही मजकूर जुन्या टायपिंगच्या फॉन्टमध्ये केला आहेस आणि काही युनिकोडमध्ये. कॉलेजच्या संगणकावर तो जुना फॉन्ट नसला तर हीच गत होईल. सगळा मजकूर युनिकोडमध्ये पुन्हा टाइप कर, सात स्लाइडचा आहे, तासाभरात होईल. मथळा दोन ओळींचा झाला तर ओळींमधलं अंतर थोडं वाढव, नाहीतर वरच्या ओळीचे उकार आणि खालच्या ओळीच्या वेलांट्या एकमेकांत अडकतात. मूळ फाईलसोबत एक पीडीएफही पेन ड्राइव्हवर ठेव. त्यात फॉन्ट आतच बसलेला असतो, त्यामुळे अक्षरं हलत नाहीत. आदल्या दिवशी वर्गातल्याच प्रोजेक्टरवर ती एकदा लावून, शेवटच्या बाकावर बसून सातही स्लाइड वाचून बघ.